सहरीला उठणं जमतं, मग ईदनंतर का नाही?

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात एस.टी.तून निवृत्त झालेला एखादा वाहक डोळ्यांसमोर आणा. नाव कुठलंही चालेल, इथे त्याला चाचा म्हणू. तीस वर्षं चाचांच्या हातात तिकिटांचा ट्रे होता, पुढे त्याची जागा तिकिटाच्या यंत्राने घेतली. पहिल्या गाडीची ड्युटी असली की पहाटे चारला उठायचं, अंघोळ करायची, जमलं तर घरी नाहीतर डेपोत फजरची नमाज पढायची आणि सहाची गाडी सुटण्याआधी हजेरी लावून यंत्र आणि सुट्ट्या पैशांची पिशवी ताब्यात घ्यायची. मुक्कामी गाडी असली तर परक्या गावात देवळाच्या नाहीतर शाळेच्या ओसरीवर पथारी पडायची आणि पहाटे पहिल्या दूधवाल्याच्या आवाजाने जाग यायची. ड्युटीच्या वेळा बदलत राहायच्या, पण एक गोष्ट बदलायची नाही. गाडी सुटायची वेळ ठरलेली असायची आणि स्टँडवर माणसं थांबलेली असायची. कंडक्टर झोपून राहिला म्हणून गाडी थांबली, असं तीस वर्षांत एकदाही झालं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती आली. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. पहिले दोन महिने चाचा मनसोक्त झोपले. तो आराम त्यांच्या हक्काचा होता, कोणी नाव ठेवावं असं त्यात काही नाही. चारचे सहा झाले, सहाचे सात, सातचे आठ. वर्षभराने मात्र चाचींची तक्रार सुरू झाली, ‘अहो, रात्रभर कुशी बदलता आणि दिवसा बसल्या जागी पेंगता. डॉक्टरला तरी दाखवा.’ चाचांचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘वय झालं आता. म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही.’

हे उत्तर निम्मं खरं आहे. वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते, मधे जाग येण्याचं प्रमाण वाढतं आणि लघवीला उठावं लागतं. पण वयाबरोबर शरीराचं घड्याळ साधारणपणे पुढे धावतं, मागे पडत नाही. म्हातारी माणसं नऊ वाजताच पेंगतात आणि पहाटे चारला टक्क जागी होतात, हे प्रत्येक घरात दिसतं. झोप हलकी झाली तर वयाकडे बोट दाखवता येईल. ती रात्री साडेबारापर्यंत येतच नाही आणि सकाळी आठपर्यंत लांबते, तेव्हा कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. चाचांच्या बाबतीत ते त्यांच्या दिवसात सापडतं.

रमजानमध्ये हा विषय काढण्यालाही कारण आहे. एरवी आठपर्यंत अंथरुणात असणारे चाचा रमजानचा चंद्र दिसला की दुसऱ्या दिवसापासून पावणेपाचला सहरीसाठी उठतात, तेही महिनाभर, एकही दिवस न चुकता. ईद झाली की दोन दिवसांत गाडी पुन्हा जुन्या रुळावर येते, उलट उठण्याची वेळ आधीपेक्षाही उशिरा जाते. पावणेपाचला उठू शकणारा माणूस ईदनंतर नऊपर्यंत का झोपतो, हे समजून घ्यायचं तर झोपेची यंत्रणा थोडी पाहावी लागते.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे साठत जाणारी झोपेची भूक. माणूस जागा झाल्या क्षणापासून ती वाढू लागते. चौदा-सोळा तास जागं राहिल्यावर ती पुरेशी साठते आणि पाठ टेकताच डोळा लागतो. दुपारची दोन तासांची डुलकी म्हणजे जेवणाआधी अर्ध्या तासाने फरसाणाचा पुडा संपवण्यासारखं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ. बहुतेक माणसांत ते चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणजे मोकळं सोडलं तर रोज थोडं मागे पडत जातं. ते रोज जुळवून घेणारी सर्वांत मोठी किल्ली म्हणजे प्रकाश. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे ढकलतो, रात्री उशिराचा प्रकाश त्याला मागे खेचतो.

घड्याळ मोकळं सोडलं तर काय होतं, हे मिशेल सिफ्र या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतःवर करून पाहिलं. १९६२ च्या जुलैत तो आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत उतरला आणि दोन महिने घड्याळ, ऊन आणि दिनदर्शिका यांच्याशिवाय राहिला. झोप आली की झोपायचं आणि जाग आली की उठायचं, एवढाच त्याचा नेम होता. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. पंचवीस दिवस त्याच्या हातून निसटले होते. त्याच्या शरीराचा दिवस चोवीस तासांहून थोडा मोठा झाला होता आणि तो रोज थोडं उशिरा झोपत, थोडं उशिरा उठत गेला होता.

वरकुट्यातल्या घराची आतली खोली म्हणजे काही गुहा नव्हे. पण एका बाबतीत दोन्ही सारख्या आहेत. मोकळ्या आकाशाखाली, ढगाळ दिवसातसुद्धा, प्रकाश हजारो लक्स असतो, उन्हात तो पन्नास हजारांच्याही वर जातो. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात, एका खिडकीच्या खोलीत तोच शे-दोनशे लक्सवर येतो. डोळ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. मेंदूतल्या घड्याळाला मात्र तो स्पष्ट कळतो. कंडक्टर असताना चाचांचा सकाळी सात ते दहाचा वेळ गाडीच्या खिडकीशी, स्टँडच्या उघड्या फलाटावर जायचा. आता तेच तीन तास पांघरुणात आणि पडद्यामागे जातात. संध्याकाळनंतर ट्यूबलाइट, टीव्ही आणि मोबाइल डोळ्यांसमोर असतात. म्हणजे घड्याळ पुढे ढकलणारा प्रकाश बंद झाला आणि मागे खेचणारा चालू राहिला.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर चित्र एकांगी होईल. निवृत्तीने सगळ्यांचीच झोप बिघडते असं नाही. फ्रान्समधल्या सरकारी वीज आणि गॅस कंपनीच्या साडेचौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा निवृत्तीच्या आधी सात आणि नंतर सात वर्षं मागोवा घेण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झोपेच्या तक्रारी निवृत्तीनंतर कमी झालेल्या दिसल्या. साहेबाचा धाक आणि कामाचा ताण गेल्याचा फायदा झोपेला मिळाला. पण तब्येत बिघडल्यामुळे नोकरी सोडावी लागलेल्यांना हा फायदा झाला नाही. म्हणजे निवृत्ती स्वतः झोपेची शत्रू नाही. तिच्यामुळे रिकामा झालेला दिवस कसा भरला जातो, यावर पुढचं ठरतं.

चाचांचा एक दिवस मोजून पाहू. रात्री दहाला अंथरुणावर पाठ टेकते. डोळा लागतो साडेबाराला. अडीचला लघवीसाठी उठतात आणि मग चारपर्यंत छताकडे पाहत पडून राहतात. चारला पुन्हा डोळा लागतो तो आठला उघडतो. अंथरुणात दहा तास गेले आणि झोप झाली सहा तास. दहातले चार तास अंथरुण फक्त जागण्याच्या कामी आलं. दुपारी जेवणानंतर दीड ते साडेतीन पुन्हा झोप. संध्याकाळी मगरिबनंतर टीव्हीसमोर मान कलते, त्यात अर्धा तास जातो. बेरीज केली तर चोवीस तासांत साडेआठ तास झोप होते. झोप कमी नाहीच. ती चार तुकड्यांत वाटली गेली आहे, म्हणून एकही तुकडा गाढ होत नाही. चाचा मात्र ‘रात्री झोप झाली नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लवकर आडवे होतात आणि आणखी उशिरा उठतात. त्यामुळे झोप आणखी पातळ होते, दूध तेवढंच आणि पाणी वाढत जावं तशी.

मगरिब आणि इशाच्या मधली ती अर्ध्या तासाची पेंग दिसायला किरकोळ आहे, पण तीच सर्वांत महाग पडते. दिवसभर साठलेली झोपेची भूक ऐन जेवणाच्या वेळी मोडून जाते. इशाच्या नमाजेपूर्वी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना पसंत नव्हतं, असं हदीसमध्ये नोंदलेलं आहे. दुपारच्या छोट्या विश्रांतीला, कैलूल्याला मात्र तिथे जागा आहे. झोपेचे डॉक्टर आज जवळपास हेच सांगतात, फक्त त्यांची कारणं वेगळी असतात.

आता रमजानकडे वळू. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की इंदापूरकडे सहरीची वेळ साधारण पावणेसहाच्या आसपास संपते आणि सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. चाचा पावणेपाचला उठतात, सहरी करतात, फजरची नमाज पढतात आणि साडेसहाला पुन्हा झोपतात ते साडेदहापर्यंत. म्हणजे सूर्य वर येतो तेव्हा ते बरोबर पांघरुणात असतात. जोहरनंतर पुन्हा दोन तास झोप. इफ्तारनंतर कडक चहा, तरावीह पावणेदहाला संपली की चौकात आणखी एक चहा आणि गप्पा. झोपायला एक वाजतो. चहाचा अंमल सहज पाच-सहा तास रेंगाळतो, मग साडेदहाच्या चहाने बारापर्यंत टक्क जागं ठेवलं तर त्यात नवल नाही.

अशा रमजानमध्ये पावणेपाचचं उठणं म्हणजे रात्रीच्या झोपेतली मधली सुट्टी ठरते. शरीराच्या घड्याळाला कळणारी खरी सकाळ साडेदहाला होते. ईदनंतर सहरी गेली की मधली सुट्टी जाते आणि साडेदहाची सकाळ तेवढी उरते. ‘रोज्यांनी झोप बिघडवली’ असं मग म्हटलं जातं. सौदी अरेबियातले निद्रातज्ज्ञ अहमद बाहम्माम यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं आहे. झोपण्या-उठण्याच्या वेळा आणि प्रकाश सांभाळला तर नुसत्या रोज्याने शरीराचं घड्याळ फारसं हलत नाही, असं त्यांच्या कामातून दिसतं. बिघाड होतो तो रोज्याभोवती रचलेल्या रात्रीच्या दिनक्रमाने.

मग दुरुस्ती कुठून करायची? बहुतेक जण झोपण्याच्या वेळेपासून सुरुवात करतात. लवकर आडवं व्हायचं, दिवा मालवायचा, डोळे मिटून पडायचं. हे चालत नाही, कारण झोप हुकूम देऊन येत नाही. माणसाच्या हातात असते ती उठण्याची वेळ. गजर लावून उठता येतं, गजर लावून झोपता येत नाही. कंडक्टरला हे सांगायची गरज पडू नये. गाडी सुटायची वेळ पाळायची असते, ती किती वाजता पोचेल हे रस्ता ठरवतो.

झोपेच्या उपचारात जी पद्धत गोळ्यांच्या आधी सुचवली जाते, तिचा गाभा हाच आहे. तिचे दोन मुख्य भाग अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन आणि आर्थर स्पीलमन यांनी गेल्या शतकाच्या सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत मांडले. बूट्झिन यांचं म्हणणं असं की अंथरुण फक्त झोपेसाठी ठेवावं. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसावं, मंद उजेडात काहीतरी शांत करावं आणि डोळे जड झाल्यावरच परत यावं. स्पीलमन यांचं म्हणणं असं की प्रत्यक्ष जितके तास झोप होते, जवळपास तितकेच तास अंथरुणात काढावेत. चाचांची झोप सहा तासांची असेल तर त्यांना दहा तासांचं अंथरुण मिळत नाही, साडेसहा तासांचं मिळतं.

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात चाचांनी हे सुरू केलं तर कसं दिसेल, ते पाहू. पहिला आठवडा फक्त लिहायचं. शाळकरी नातवाच्या जुन्या वहीत रोज सकाळी चार आकडे: किती वाजता आडवे झालो, अंदाजे किती वाजता डोळा लागला, मधे किती वेळ जाग होती, किती वाजता उठलो. दिवसाच्या डुलक्या वेगळ्या रकान्यात. रात्री सारखं घड्याळ पाहायचं नाही, अंदाज पुरतो. तीस वर्षं दिवसाचा हिशेब जमा केलेल्या माणसाला हे अवघड नाही.

दुसऱ्या आठवड्यात वेळ ठरते. इथे चाचा मोठी चूक करू शकतात. उत्साहाच्या भरात ते ठरवतील, ‘उद्यापासून ड्युटीसारखं चारला उठायचं.’ हे टिकत नाही, कारण शरीराची रात्र आत्ता साडेबारा ते आठ अशी झाली आहे. चार वाजता तिच्यासाठी मध्यरात्र असते. घड्याळ एका दिवसात चार तास हलत नाही. म्हणून पहिले तीन दिवस साडेबाराला झोपायचं आणि सातला उठायचं, झोप झाली असो वा नसो. उठल्यावर अर्धा-पाऊण तास उघड्यावर काढायचा, तोंड आकाशाकडे नसलं तरी चालेल, डोक्यावर छप्पर नको. ओढ्यापर्यंत फेरी, शेळीला चारा, अंगणात खुर्ची टाकून पेपर, यातलं काहीही पुरतं. त्यानंतर दर तीन दिवसांनी झोपणं आणि उठणं दोन्ही वीस मिनिटं अलीकडे घ्यायचं. सहा टप्प्यांत दोन तास सरकतात. एकवीस दिवसांनी चाचा साडेदहाला झोपत आणि पाचला उठत असतात, आणि त्याच सुमाराला रमजानचा चंद्र दिसतो.

पहिले आठ-दहा दिवस वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवायला हवं. दिवसा डोळे मिटतात, चिडचिड होते. याच दिवसांत लोक सोडून देतात. पण ही पेंग म्हणजे झोपेची भूक साठू लागल्याची खूण आहे. या काळात मोटारसायकलवरून लांब जाऊ नये. दुपारची डुलकी हवीच असेल तर तीनच्या आधी, वीस-तीस मिनिटांची आणि गजर लावून, शक्यतो पलंगाऐवजी आरामखुर्चीत. मगरिबनंतर डोळे मिटायला लागले तर उठून उभं राहायचं, अंगणात चक्कर मारायची. साडेसहा तासांच्या अंथरुणात साडेपाच तासांहून जास्त झोप सलग आठवडाभर होऊ लागली की पद्धत लागू पडली असं समजायचं. मग झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घेत अंथरुण हळूहळू वाढवायचं, उठण्याची वेळ तशीच ठेवून. साडेपाच तासांपेक्षा कमी अंथरुण कधीच करू नये. फिट येणाऱ्यांनी किंवा मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

रमजान सुरू झाल्यावर बदल दोनच करायचे असतात, पण ते दोन्ही जिव्हारी लागणारे आहेत. तरावीहनंतरचा चौकातला चहा सोडायचा आणि फजरनंतरची झोप सोडायची. फजर झाल्यावर सात वाजेपर्यंत कुराणपठण असो, गायी-म्हशींचं काही असो, जागं राहायचं आणि ऊन अंगावर घ्यायचं. साडेदहा ते पावणेपाच म्हणजे सव्वासहा तास होतात. उरलेली कसर जोहरनंतर तास-दीड तासाच्या एकाच झोपेने भरून काढायची, पण ती साडेतीनच्या पुढे जाऊ द्यायची नाही. पाण्याचा मोठा भाग इफ्तार ते तरावीहच्या दरम्यान प्यायचा, झोपताना तांब्याभर पिऊन रात्री तीनदा उठण्यात अर्थ नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर रोज्यांच्या वेळा आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी बसून ठरवाव्या लागतात. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रीची जाग तिच्यामुळेही असू शकते.

सगळ्यात नाजूक काळ ईदच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. सहरी नाही, गजराची गरज नाही, शीरखुर्म्याने अंग जड आहे. इथे फजरचा उपयोग होतो. या भागात फजरची वेळ जानेवारीत पावणेसहाच्या पुढे असते आणि जूनमध्ये साडेचारच्या आसपास येते. वर्षभरात तासाहून जास्त फरक पडतो, पण दिवसाला तो मिनिटभरसुद्धा नसतो, त्यामुळे शरीर सहज बरोबर चालतं. सहरीची पावणेपाचची वेळ सोडून फजरच्या वेळेवर आलं तर अर्ध्या-पाऊण तासाचीच सूट मिळते, तेवढी घड्याळाला पचते. नऊपर्यंत झोपलं तर चार तासांची उडी होते. तिने मागच्या सात आठवड्यांचं काम चार दिवसांत धुऊन जातं.

वरकुट्यासारख्या गावात आणखी एक अडचण असते, ती शहरातल्या डॉक्टरला सहसा सुचत नाही. निवृत्त माणसाकडे थोडी शेती असते आणि शेतीपंपाची थ्री फेज वीज अनेक ठिकाणी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते. उसाला पाणी द्यायचं तर रात्री एकला मोटर सुरू करायला जावं लागतं, बिबट्याच्या धास्तीने हातात बॅटरी आणि काठी घेऊन. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्टला असला की ही पाळी चाचांवर येते. अशा आठवड्यात झोप मोडणारच. तेव्हाही उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलू द्यायची नाही आणि राहिलेली झोप दुपारी जोहरनंतर एकाच हप्त्यात घ्यायची. जमलं तर बापलेकांनी रात्रीचे आठवडे वाटून घ्यावेत. साठीच्या माणसाचं शरीर रात्रपाळीतून सावरायला पंचविशीच्या पोरापेक्षा जास्त दिवस घेतं.

गजर लावणं सोपं आहे, पण काही दिवसांनी हात आपोआप त्याच्यावर जातो आणि तो बंद होतो. ड्युटीच्या दिवसांत तसं होत नव्हतं, कारण स्टँडवर माणसं थांबलेली असायची. रमजानमध्येही होत नाही, कारण सहरीला सगळं घर उठतं, चुलीवर तवा चढतो आणि वेळ संपली की संपली. म्हणून निवृत्तीनंतर सकाळच्या वेळेत कोणीतरी वाट पाहील असं एक काम बांधून घ्यावं लागतं. घरच्या म्हशींचं दूध डेअरीवर घालणं हे त्यातलं सर्वांत चांगलं. संकलनाची वेळ ठरलेली असते, उशीर झाला तर दूध परत आणावं लागतं, आणि जाता-येता ऊन मिळतं. नातीला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणंही चालतं. ‘सकाळी फिरायला जाईन’ हा निश्चय मात्र फार दिवस टिकत नाही, कारण फिरायला गेलं नाही तर कोणाचंच काही अडत नाही.

काही बाबतींत हे सगळं करूनही उपयोग होत नाही आणि ते ओळखता आलं पाहिजे. नवरा झोपेत मोठ्याने घोरतो, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग दचकून हुंदका दिल्यासारखा श्वास येतो, हे चाचींना सर्वांत आधी कळतं. ते श्वासाच्या अडथळ्याचं लक्षण असू शकतं. तिथे अंथरुणाचे तास कमी करून भागत नाही, तपासणी लागते. पहाटे तीनला जाग येते आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, दोन आठवडे कशातच मन रमत नाही, जेवण जात नाही, नातवंडांचाही कंटाळा येतो, अशी अवस्था असेल तर झोप हे दुखण्याचं टोक आहे आणि मूळ नैराश्यात आहे. ज्याची ओळखच ‘कंडक्टरसाहेब’ होती, त्याच्या बाबतीत हे अजिबात दुर्मिळ नाही. अशा वेळी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येतं किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मेडिकलमधून झोपेची गोळी आणणं मात्र टाळावं. उतारवयात त्या गोळीचा अंमल रात्री लघवीला उठतानाही असतो, तोल जातो, आणि मांडीचं हाड मोडलं की मग खरंच अंथरुण धरावं लागतं.

ईदनंतरचा सोमवार. फजर होऊन चाचा घरी आले आहेत, अजून पुरतं उजाडलेलं नाही. चाचींनी चहा ठेवला आहे. किटलीत म्हशीचं दूध गाळून तयार आहे आणि डेअरीचं संकलन सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत. आतल्या खोलीतून नात विचारते, ‘दादा, आज रोजा नाही ना, मग तुम्ही झोपला का नाही?’ चाचा किटली उचलतात आणि म्हणतात, ‘काटा बंद झाला की दूध घेत नाहीत बेटा.’